भूमितीच्या पेपरची सकाळ: कंपासपेटी, वाचन आणि प्रश्नांचा क्रम (दहावी, कोल्हापूर)

सुजाता_राजारामपुरी

मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. गणित भाग २, म्हणजे भूमितीचे सराव पेपर ती घरी घड्याळ लावून सोडवते. प्रत्येक पेपरनंतर आम्ही दोघी वहीत दोन रकाने भरतो: न आल्यामुळे गेलेले मार्क आणि येत असून गेलेले मार्क. दुसऱ्या रकान्यात बरंच साठलंय. त्यातलं बहुतेक परीक्षेच्या सकाळी किंवा पेपर हातात आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत टाळता येण्यासारखं आहे. म्हणून त्या सकाळची एक यादी करायला घेतली आहे. सगळ्या विषयांची नाही, फक्त भूमितीची, कारण या पेपरला हातातल्या साहित्यावरही मार्क अवलंबून असतात.

वहीतल्या तीन नोंदी देते.

पहिली रचनेची. केंद्र O, त्रिज्या २.५ सेमी, केंद्रापासून ६.५ सेमीवर P, आणि P मधून वर्तुळाला स्पर्शिका काढायच्या. रीत अगदी बरोबर होती. पण मोजल्या तर एक स्पर्शिका ६.१ आली आणि दुसरी ५.८. दोन्ही सारख्या यायला हव्यात हे तिला माहीत आहे, म्हणून खोडून परत काढलं आणि त्यात दहा मिनिटं गेली.

दुसरी नोंद निवडीची. प्रश्न ३ ब मध्ये चारांतले दोन सोडवायचे असतात. तिने प्रमेय घेतलं, मध्येच अडकली, काट मारून दुसरा उपप्रश्न घेतला. त्यामुळे प्रश्न ४ मधला, पूर्ण येणारा उपप्रश्न शेवटी अर्धा राहिला.

तिसरी कृतीच्या प्रश्नांची. चौकटीतली उत्तरं फक्त लिहिली, कृती उतरवून काढली नाही.

तर पेटीत नेमकं काय असावं, सुरुवातीला किती वेळ आणि काय वाचावं, आणि कुठल्या क्रमाने सोडवावं? ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी सांगावं.

रंकाळा_काठी

ताई, वाचायला वेगळा वेळ मिळतो की. पेपर १० वाजून ५० मिनिटांनी हातात देतात, ११ ला लिहायला सुरुवात. त्या दहा मिनिटांत सगळा पेपर वाचून होतो. माझ्या भाच्याने तसंच केलं होतं. आणि क्रम म्हणाल तर मोठ्या मार्कांचे आधी. प्रश्न ४ आधी, मग ३, मग खाली. डोकं ताजं असतं तेव्हा अवघड उरकायचं.

खडू_फळा

भाच्याचं वर्ष आधीचं असणार. तेव्हा तसंच होतं. २०२३ पासून बोर्डाने ती आधीची दहा मिनिटं बंद केली. प्रश्नपत्रिका ११ लाच मिळते आणि दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली आहेत. म्हणजे दोन तासांचा भूमितीचा पेपर ११ ते १ वाजून १० मिनिटं. एकूण वेळ तेवढाच राहिला, पण वाचनाचा वेळ आता कुणी बाजूला काढून देत नाही. तो मुलांनी स्वतःहून काढायचा असतो, आणि शेजारचे सगळे खाली मान घालून लिहू लागले की ते फार अवघड जातं. घरच्या सरावात हीच सवय लावावी लागते. अजूनही काही क्लासवाले सराव परीक्षेत दहा मिनिटं आधी पेपर वाटतात. तसं करू नये, मुलांची सवय चुकीची बसते.

दालनात मात्र साडेदहाला हजर राहायचं असतं. उत्तरपत्रिका आधी मिळते. बैठक क्रमांक अंकात आणि अक्षरात, बाकीचे रकाने, समास आखणं, हे सगळं तेव्हाच उरकून घ्या. ११ नंतर पट्टी फक्त आकृतीसाठी हातात यायला हवी.

सुजाताताई, आता तुमच्या ६.१ आणि ५.८ बद्दल. हे पुष्कळ मुलांचं होतं आणि कारण शोधता येतं. तुमच्या आकड्यांत स्पर्शिका बरोबर ६ सेमी यायला हवी: ६.५ चा वर्ग ४२.२५, २.५ चा वर्ग ६.२५, वजा केले की ३६. आता बघा, OP चा मध्यबिंदू थोडा चुकला असता तरी तो OP रेषेवरच असतो. त्यामुळे आकृती OP च्या वर-खाली सारखीच राहते. स्पर्शिका चुकीच्या आल्या असत्या, पण दोन्ही सारख्याच चुकल्या असत्या. एक लांब आणि एक आखूड आली याचा अर्थ वर्तुळ फिरवता फिरवता कंपासचं अंतर बदललं. कंपास ढिला आहे.

परीक्षेच्या सकाळी एक करा. रद्दी कागदावर ४ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि न थांबता त्यावरूनच दुसरी फेरी मारा. रेघ एकच दिसली पाहिजे. दोन रेघा दिसल्या तर स्क्रू आवळा आणि परत बघा. आवळूनही दोन दिसल्या तर तो कंपास नेऊ नका. म्हणून ही तपासणी खरं तर आदल्या संध्याकाळी करावी, दुकानं उघडी असताना, आणि सकाळी फक्त खात्री करावी.

फुलेवाडीकर

मी एमपीएससीची तयारी करतोय. आमच्याकडे काळा बॉलपेन नेतात, दोन न्यावेत, आणि गोल पूर्ण भरावा लागतो. पेन्सिल चालत नाही. क्रमाचं म्हणाल तर मी सोपे प्रश्न पहिल्या फेरीत, शंकेचे दुसऱ्या फेरीत असं करतो. नकारात्मक गुण असल्याने शेवटचे सोडूनच देतो. तुमच्या मुलीलाही हे उपयोगी पडेल.

सुजाता_राजारामपुरी

दादा, धन्यवाद. पण तिचा पेपर लेखी आहे, उत्तरपत्रिकेवर गोल भरायचे नसतात आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. त्यामुळे तिने सोडून काही द्यायचं नाही. दोन फेऱ्यांचा विचार मात्र तिला सांगते.

सर, कालच ती चाचणी केली. दोन रेघा स्पष्ट दिसल्या. तिचा कंपास सातवीपासूनचा आहे, स्क्रू आवळला तरी फिरतोच. आज महाद्वार रोडवरून नवा आणला. आता दुसरा प्रश्न असा की नव्या कंपासनेही घरी वर्तुळ छान येतं, पण पुरवणीवर काढताना टोक घसरतं. असं का होतं?

खडू_फळा

पुरवणी पातळ असते आणि खाली गुळगुळीत पॅड किंवा बाक. टोकाला रुतायला जागाच नसते. मुख्य उत्तरपत्रिकेत खाली बाकीच्या पानांची गादी असते, त्यात टोक धरून राहतं. पुरवणीवर रचना करायची वेळ आलीच तर ती मुख्य उत्तरपत्रिकेवर ठेवून करायची, पॅडवर नाही. आणि शक्य तर रचना शेवटाला ठेवायच्याच नाहीत, म्हणजे त्या मुख्य उत्तरपत्रिकेतच बसतात. क्रम ठरवताना हाही एक मुद्दा आहे, मुलं तो धरत नाहीत.

नव्या कंपासला पेन्सिल आखूड लावा, बोटाएवढी. लांब पेन्सिल लावली की वरचा भाग जड होऊन कंपास कलतो. पेन्सिलीचं टोक आणि सुईचं टोक जमिनीवर एकाच पातळीला येईल असं बसवा. अशा दोन आखूड पेन्सिली टोक करून पेटीत ठेवा. मुलं एकच पेन्सिल लिहायला आणि कंपासला वापरतात, सारखी काढ-घाल करतात, आणि दर वेळी अंतर बदलतं.

अकरावी_शाहूपुरी

मी गेल्या वर्षी दिली दहावी. माझं पट्टीचं सांगते. पट्टीचं शून्याचं टोक झिजलेलं होतं म्हणून आमच्या वर्गात बरेच जण १ पासून मोजायचे. प्रिलिमला मी घाईत ७ सेमीच्या ऐवजी ६ ची रेघ काढली, कारण शेवट ७ वर बघितला. पूर्ण त्रिकोणच चुकला. नंतर स्वच्छ शून्य असलेली पंधरा सेमीची पारदर्शक पट्टी घेतली. तीस सेमीची बाकावर अडकते, आणि मागचा हात लागला की हलते.

खोडरबरचं पण सांगते. रचनेचे कंस खोडू नका, पेपरवरच सूचना असते की रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात, पुसू नयेत. माझी मैत्रीण स्वच्छ दिसावं म्हणून खोडायची. तिला प्रिलिमला त्याचे मार्क गेले.

घड्याळ साधं काट्यांचं न्या. स्मार्टवॉच आत नेता येत नाही. आणि भिंतीवर घड्याळ असेलच असं नाही.

बावड्याचा_पोरगा

मी पण यंदा दहावीलाच हाय. माझा क्रम जरा वेगळा हाय. मी पयला प्रश्न २ घेतो, कारण ते पटापट जमतं, मग १, मग ४, मग ३, आणि ५ शेवटी. प्रश्न १ च्या बहुपर्यायीत मी अडकलो की मन उदास होतं, म्हणून आधी घेत नाय. पण सर म्हणतात क्रमानेच लिहायचं. क्रम बदलला तर मार्क जातात का?

खडू_फळा

क्रम बदलल्याने मार्क जात नाहीत. जातात ते प्रश्न तुकड्यांत लिहिल्याने. प्रश्न २ ब चे तीन उपप्रश्न पाचव्या पानावर आणि चौथा अकराव्या पानावर असं केलंस तर तपासणाऱ्याला शोधावं लागतं. शोधून सापडलं नाही तर दोष कुणाला द्यायचा? जो प्रश्न घेशील तो पूर्ण करून उठ. एखादा उपप्रश्न राहिलाच तर तिथे जागा सोड. प्रश्न क्रमांक ठळक लिही, उपप्रश्नासकट.

बहुपर्यायीचं मात्र नीट ऐक. प्रश्न १ अ मध्ये पहिल्या प्रयत्नातलं उत्तरच ग्राह्य धरतात. काट मारून दुसरं लिहिलंस तरी पहिलंच मोजतात. तेव्हा शंका असेल तर आधी शेवटच्या पानावर कच्चं काम करून बघ, मग उत्तर लिही. त्यामुळे तू प्रश्न १ दुसऱ्या नंबरला घेतोस यात मला काही वावगं वाटत नाही. हात बसल्यावर घे, पण घाईत घेऊ नको.

रंकाळा_काठी

वेळेचं बदललंय तर, चांगलं झालं कळलं. पण मोठे प्रश्न आधी घ्यायला काय हरकत आहे? प्रश्न ४ चे दोन म्हणजे आठ मार्क. ते राहिले तर मोठं नुकसान.

खडू_फळा

अडचण अशी की प्रश्न ४ चा एक उपप्रश्न अडला की वीस मिनिटं तिथेच जातात, आणि मग ज्या वीस मार्कांना फार विचार लागत नाही ते घाईत लिहिले जातात. प्रश्न १ चे आठ आणि प्रश्न २ चे बारा मिळून अर्धा पेपर होतो. हुशार मुलगा असेल तर तुमचा क्रम चालतो, तेही मी पाहिलंय. पण ज्याचा हात मध्यम आहे त्याच्यासाठी मी तो सांगणार नाही.

माझा हिशोब असा. वाचायला पाच मिनिटं. प्रश्न १ पंधरा मिनिटं. प्रश्न २ पस्तीस, कारण त्यात कृती उतरवायची असते आणि पाचांतले चार सोडवायचे असतात. प्रश्न ३ तीस, प्रश्न ४ तीस, प्रश्न ५ दहा. एकशे पंचवीस झाली, पाच उरली. बारा वाजायला पाच कमी असताना प्रश्न २ संपायला हवा, एवढा एकच टप्पा मुलीला लक्षात ठेवायला सांगा. घड्याळात सारखं बघत बसू नये.

सुजाता_राजारामपुरी

त्या पाच मिनिटांत सगळा पेपर वाचायचा का? तिला पाच मिनिटांत ते होत नाही, आणि वाचून गोंधळ वाढतो असं ती म्हणते.

खडू_फळा

सगळा नाही. प्रश्न १ वाचूच नका. त्यात निवड नाही, ते सोडवतानाच वाचायचे. वाचायचं तिथे, जिथे निवड आहे. २ ब मध्ये पाचांपैकी कुठला एक सोडायचा, ३ ब मध्ये चारांपैकी कुठले दोन घ्यायचे, ४ मध्ये तिनांपैकी कुठले दोन, ५ मध्ये दोनांपैकी कुठला. एवढे चार निर्णय झाले की वाचन संपलं.

तुमची दुसरी नोंद इथेच येते. तिने प्रमेय घेतलं ते नाव ओळखीचं दिसलं म्हणून. निवडताना शब्द ओळखीचे दिसणं पुरेसं नाही. प्रमेय असेल तर आकृती डोळ्यांसमोर आली का आणि शेवटची ओळ कुठल्या कारणाने येते हे सांगता येतं का, एवढं बघायचं. समजा पायथागोरसचं प्रमेय आहे, तर काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकायचा आणि समरूप त्रिकोण वापरायचे, हे दोन आठवले तर घ्या. नाही आठवले तर उदाहरण घ्या. प्रमेयाला आकृती लागतेच, आकृतीशिवाय सिद्धतेला मार्क नाहीत, तो वेळही धरा.

निर्णय झाले की उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्च्या कामाच्या जागेत पेन्सिलीने बारीक लिहून ठेवायचं. प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाशिवाय काही लिहू नये, खुणासुद्धा नकोत.

अकरावी_शाहूपुरी

सर, एक विचारू? निवडीपेक्षा जास्त सोडवलं तर? म्हणजे ३ ब चे दोनाऐवजी तीन केले तर चांगले दोन धरतात असं आम्हाला क्लासमध्ये सांगायचे.

खडू_फळा

यावर तपासणाऱ्यांत वेगवेगळं ऐकायला मिळतं, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नये असं मी सांगतो. पण समजा धरलेच, तरी तिसऱ्या उपप्रश्नाला दहा मिनिटं जातात. त्याच दहा मिनिटांत स्पर्शिका मोजून बघणं, कृतीत एखादी चौकट रिकामी राहिली का बघणं, महत्त्वमापनात एकक लिहिलं का बघणं, यातून जास्त मार्क परत मिळतात.

कोटीतीर्थ_आजी

नातवाचं केंद्र मंगळवार पेठेत आलंय आणि आम्ही उचगावला राहतो. सकाळी ताराराणी चौकात गाड्यांची रांग लागते. किती वाजता निघावं? आणि भूमितीला खायला काय द्यावं?

फुलेवाडीकर

आजी, परीक्षेच्या आधी एखाद्या कामाच्या दिवशी त्याच वेळेला एकदा जाऊन बघा, म्हणजे खरा वेळ कळेल. त्यावर अर्धा तास धरा. केएमटीने जायचं असेल तर एक गाडी चुकली तरी चालेल असा हिशोब ठेवा. दालनात साडेदहाला बसायचं तर दहा वाजता दारात हवं. खायला रोजचंच द्या, नवीन काही नको.

सुजाता_राजारामपुरी

आजींचा प्रश्न यादीत घातला. आता यादी अशी झाली आहे.

आदल्या संध्याकाळी कंपासची दोन फेऱ्यांची चाचणी. पेटीत तो कंपास, आखूड पेन्सिली टोक करून दोन, लिहायची पेन्सिल वेगळी, शार्पनर, खोडरबर, पंधरा सेमीची पट्टी, कोनमापक, गुण्या. वापरून हात बसलेले दोन निळे पेन, नवेकोरे नकोत. पॅड. हॉल तिकीट पेटीत नाही, वेगळ्या पारदर्शक पाकिटात, कारण पेटी सारखी उघडली की ते चुरगळतं. कॅल्क्युलेटर चालत नाही, घरी ठेवायचा. मनगटाला काट्यांचं घड्याळ, केंद्रात जायच्या आधी रेडिओ किंवा फोनवरून जुळवून.

साडेदहा ते अकरा: रकाने, समास. अकराला पाच मिनिटं, चार निर्णय, शेवटच्या पानावर नोंद. मग १, २, आणि बारा वाजायला पाच कमी असताना २ संपलेला. कृती पूर्ण उतरवून. रचना जिथे येईल तिथे मुख्य उत्तरपत्रिकेत, आणि काढल्यावर लगेच मोजून बघायची. स्पर्शिका असतील तर दोन्ही. चुकली असेल तर तेव्हाच कळते, शेवटच्या पाच मिनिटांत परत काढायला वेळ नसतो.

काल या यादीने एक पेपर घेतला. प्रश्न २ बारा वाजायला दोन कमी असताना संपला, म्हणजे तीन मिनिटं उशीर. कृती उतरवायला जास्त वेळ लागतो. स्पर्शिका ६.० आणि ६.०. पण ३ ब मधला एक निर्णय तिने पुन्हा मध्येच बदलला, या वेळी निर्देशक भूमितीचं उदाहरण सोडून प्रमेयाकडे गेली. वाचताना नीट बघूनही असं का होतं, हे आम्हाला दोघींना कळलं नाही.

बावड्याचा_पोरगा

काकू, माझंबी तसंच होतं. उदाहरणात आकडे किचकट आले की वाटतं चुकलं, आणि मी पळतो. खरं म्हंजे उत्तर बरोबरच असतं. निर्देशक भूमितीत वर्गमूळ सुटत नाय म्हणून सोडून दिलं आणि उत्तरात वर्गमूळच होतं.

खडू_फळा

याला माझ्याकडे पक्का उपाय नाही. एक करून बघता येईल. एकदा सुरू केलेला उपप्रश्न बदलायचा असेल तर आधी तो ओळीने परत वाचायचा, पेन्सिलीने नाही तर बोटाने, आणि दिलेली किंमत आपण बरोबर उतरवली का तेवढंच बघायचं. बहुतेक वेळा बेरीज-वजाबाकीच्या चिन्हात चूक सापडते, विशेषतः दोन बिंदूंतलं अंतर काढताना उणे सहनिर्देशक असेल तर. सापडली तर पुढे जा. नाही सापडली तर बदला. पुढच्या पेपरला करून बघा, काय झालं ते इथे लिहा. बावड्याच्या पोरा, तूही.

बावड्याचा_पोरगा

रविवारी पेपर हाय. लिहितो सर. कंपासचं बघितलं घरी, माझ्यात पण दोन रेघा आल्या.